दालमिल विकून महिन्याची आवक कशी बसवायची : एका खानदेशी पेढीचा पूर्ण हिशेब

जळगाव, अमळनेर, चोपडा, दोंडाईचा या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या दालमिला, तेलघाणे, जिनिंगचे शेड विक्रीला निघतात तेव्हा कारण दर वेळी तोटा नसतो. मालक साठीपुढे गेलेला असतो, पोरं पुण्या-नाशिकला नोकरीला लागलेली असतात आणि बाजार समितीत लिलावाला उभं राहायला घरात दुसरं कुणी नसतं. मग विक्री ठरते आणि गावभर एकच चौकशी सुरू होते, कितीला गेली? घराला मात्र वेगळ्या आकड्याशी काम असतं. बँक, आडतदार, कामगार आणि आयकर यांचं देऊन झाल्यावर हातात किती उरलं, आणि त्यातून दर महिन्याला किती येणार, तेही पुढची वीस-पंचवीस वर्षं.

हा हिशेब हवेत समजत नाही, म्हणून एक रचलेलं उदाहरण घेऊ. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आप्पांची दालमिल आहे. आप्पा ६३ वर्षांचे. मिल त्यांच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे मालकी पेढी. जागा बिगरशेती, २००१ साली स्वतः २ लाखांना घेतलेली, त्यावर शेड. तूर आणि हरभरा भरडून डाळ पोत्यांनी विकतात. कर्ज म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट. मुलगा पुण्यात, मुलगी नंदुरबारला. आप्पा-आईंना घरखर्चाला महिन्याला ४० हजार लागतात.

पहिली पायरी : वहीतला नफा खरेदीदाराच्या नजरेने वाचा

आप्पांच्या वहीत वर्षाचा नफा १४ लाख दिसतो. त्यावरून त्यांची अपेक्षा असते की धंद्याला चार-पाच वर्षांचा नफा, म्हणजे ५०-६० लाख, नुसते नावाचे, म्हणजे पेढीच्या लौकिकाचे मिळावेत. खरेदीदार तसा हिशेब करत नाही. आप्पा सकाळी खरेदीला, दुपारी मिलवर आणि रात्री वहीवर असतात, त्याचा पगार वहीत कुठेच नाही. तसा माणूस ठेवायचा तर महिन्याला ४० हजार, वर्षाला ४ लाख ८० हजार. जागा स्वतःची म्हणून भाडं नाही. बाहेर घेतली तर २५ हजारांनी वर्षाचे ३ लाख. शिवाय आप्पांचे स्वतःचे २३ लाख माल आणि उधारीत अडकलेत, त्यांचं व्याज साधारण २ लाख. हे सगळं वजा केलं की १४ लाखांतले ४ लाख २० हजार उरतात. धंद्याची म्हणून जी कमाई आहे ती एवढीच. बाकीचे आप्पांच्या मेहनतीचे, जागेचे आणि पैशाचे आहेत.

हे ऐकून वाईट वाटतं, पण त्यातून विक्रीची दिशा कळते. नावाचे ३ लाख मिळाले तरी तो रास्त भाव आहे. खरी किंमत यंत्रांत आणि जागेत आहे, आणि या दोन वस्तू एकाच माणसाला, एकाच वेळी विकल्या पाहिजेत असं काही नाही.

यंत्रांचा भाव चालू मिलवरच येतो. खरेदीदार डोळ्यांदेखत क्विंटलभर तूर भरडायला लावतो आणि उतारा बघतो : डाळ किती किलो, तुकडा किती, चुनी किती. सत्तर-बहात्तर किलो डाळ आली आणि तुकडा कमी निघाला तर दाण्याची साल काढणारे एमरी रोल बरे आहेत हे सांगावं लागत नाही. रंगावरून खराब दाणा वेगळा काढणारं सॉर्टेक्स यंत्र चालू असेल तर ते वेगळं तपासतो, कारण यंत्रांतली सगळ्यात महाग वस्तू बहुधा तेच असतं. आणि मुरलेला खरेदीदार तीन वर्षांची लाइटबिलं मागतो. किती युनिट जळले यावरून किती माल भरडला गेला याचा अंदाज त्याला बसतो, आणि तो विक्रीच्या आकड्याशी जुळला नाही की वहीवरचा विश्वास जातो. अर्धा धंदा कच्च्या चिठ्ठीवर केला असेल तर त्याचे पैसे विक्रीत मिळत नाहीत. म्हणून विकायचं मनात आलं की आधीची दोन-तीन वर्षं सगळं पक्क्या बिलावर आणा. कर थोडा जास्त जाईल, पण भाव त्याच वह्यांवर ठरणार आहे.

आप्पांच्या यंत्रांना २४ लाख येतात आणि नावाला ३ लाख. वहीत घसारा वजा जाता यंत्रांची किंमत ६ लाख उरलेली आहे. हा ६ चा आकडा लक्षात ठेवा, कराच्या वेळी लागेल.

दुसरी पायरी : जागा विकायची की भाड्याने द्यायची

सगळ्या व्यवहारात विचार करण्यासारखा प्रश्न हा आहे, आणि नेमका तोच घाईत सुटतो.

जागा आणि शेड मिळून बाजारात ६० लाख येतात असं धरू. विकली तर जमिनीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, शेडच्या नफ्यावर नेहमीच्या टप्प्यांप्रमाणे कर, आणि मिलही त्याच वर्षी विकल्याने उत्पन्न ५० लाखांपुढे गेलं म्हणून वर अधिभार. सात-आठ लाख जातात, ५२ लाख उरतात. ते साडेसात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३ लाख ९० हजार येतील. भाड्याने दिली तर २५ हजार महिना, वर्षाचे ३ लाख. त्यातून मालमत्ता कर, विमा, पत्र्यांची दुरुस्ती जाऊन अडीच लाख.

म्हणजे पहिल्या वर्षी विक्री पुढे आहे. पण ठेवीचे ३ लाख ९० हजार दहा वर्षांनीही तेवढेच असतात, भाडं मात्र करारात दरवर्षी ५ टक्के वाढतं. नवव्या-दहाव्या वर्षी भाडं ठेवीला गाठतं, आणि तोवर जागा तुमचीच असते. साठीतल्या माणसाला अजून वीस-पंचवीस वर्षांचा खर्च भागवायचा आहे. त्याला वाढती आवक देणारी एक तरी वस्तू हवी, आणि ही आधीच त्याच्या मालकीची आहे.

म्हणून माझा कल भाड्याकडे आहे, पण दोन अटींवर. पहिली, जागेकडे बघणारं कुणीतरी गावात हवं. मुलं परगावी, आप्पांची तब्येत नाजूक आणि महिनाभर भाडं थकलं तर जाऊन विचारणारं कुणी नाही, अशी स्थिती असेल तर जागा विका आणि मोकळे व्हा. दुसरी, ही मिल उद्या बंद पडली तर तो शेड दुसऱ्या कशाला तरी चालला पाहिजे. रस्त्यालगतचा, ट्रक वळेल असा शेड गोदाम म्हणून जातो. आत गल्लीत असलेला रिकामाच राहतो.

जागा विकायचीच ठरली तर तिचं खरेदीखत वेगळं करा आणि जमिनीचा नफा सहा महिन्यांच्या आत सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत घाला. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांचे हे रोखे असतात. मर्यादा ५० लाख, मुदत ५ वर्षं, व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. व्याज कमी म्हणून लोक नाक मुरडतात, पण हिशेब करून बघा. ६० लाखांतले ४८ जमिनीचे धरले, तर खरेदीचे २ वजा जाता आप्पांचा जमिनीवरचा नफा ४६ लाख. कर भरला तर ४० लाख उरून साडेसात टक्क्यांनी वर्षाला ३ लाख येतात; रोख्यांत घातले तर पूर्ण ४६ लाखांवर २ लाख ४१ हजार. पाच वर्षांत एकूण तीन लाख कमी हाती येतात, आणि मुदतीअखेर सहा लाख जास्त. मधल्या पाच वर्षांत ओढाताण होणार नसेल तर रोखे फायद्याचे. मिल आणि जागा एकाच ठोक रकमेत विकली तर मात्र ही सवलत हातची जाते, कारण ती फक्त जमीन आणि इमारतीच्या नफ्याला आहे.

दोन सूचना इथेच. जळगाव एमआयडीसीतला प्लॉट असेल तर तो महामंडळाच्या भाडेपट्ट्यावरचा असतो. तो हस्तांतर करायला किंवा पोटभाड्याने द्यायला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. आधी तिथे जाऊन आकडा काढा, मग भाव सांगा. आणि जागा वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्यांशिवाय पुढे जाऊ नका. ‘ती काही म्हणणार नाही’ यावर इसार घेतलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात दिसतो.

तिसरी पायरी : उधारी, बँक, कामगार

जुनी उधारी खरेदीदार घेत नाही, आणि घेतली तर अर्ध्या भावाने मागतो. ती आपणच वसूल केलेली बरी, आणि तीही विक्रीची बातमी फुटायच्या आधी. मिल विकली हे कळल्यावर पैसे देण्याची निकड कुणालाच राहत नाही. पुढचा माल तुमच्याकडून घ्यायचाच नसतो. सहा महिने आधी प्रत्येक गिऱ्हाइकाचा खातेउतारा काढून ‘बाकी बरोबर’ अशी सही-शिक्का घ्या. खात्यावरच्या येण्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि मुदतीत लेखी कबुली मिळाली तर ती नव्याने मोजता येते. आप्पांची उधारी २७ लाख आहे, त्यातली ५ लाख जुनी, जवळपास बुडीत. २२ लाख येतील असं धरून चालू.

कॅश क्रेडिट १८ लाख आहे. ती फिटली की बँकेकडून येणं नसल्याचा दाखला, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं आणि सातबाऱ्यावर बोजा असेल तर तो उतरवण्याचं पत्र, हे तिन्ही एकाच खेपेत घ्या. बोजा उतरल्याची नोंद उताऱ्यावर दिसल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

मिलवर दहा किंवा जास्त कामगार असतील तर पाच वर्षं पूर्ण केलेल्यांना ग्रॅच्युइटी द्यावी लागते. हिशेब सोपा आहे : शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. १२ हजार पगाराचा, १८ वर्षं काम केलेला माणूस म्हणजे १ लाख २५ हजारांच्या आसपास. आप्पांच्या मिलवर सगळे मिळून ४ लाख होतात. कामगार नव्या मालकाकडे तसेच राहणार असतील तर ही रक्कम कोण देणार ते करारात लिहा. नाही लिहिलं, तर चार वर्षांनी निवृत्त होणारा कामगार आप्पांच्याच दारात येऊन बसेल, आणि त्याचं चुकणार नाही.

परवान्यांबद्दल एकच समजून घ्या. मालकी पेढीचं सगळं मालकाच्या पॅनवर असतं. जीएसटी, अन्न परवाना, बाजार समितीचा व्यापारी परवाना, यातलं काही विकता येत नाही. खरेदीदाराने स्वतःच्या नावाने नवे काढायचे. ते हातात येईपर्यंत तो ‘तुमच्याच नावावर थोडे दिवस चालवू द्या’ म्हणेल. नको म्हणा. त्या काळातला कर, दंड आणि मालाची तक्रार सगळं तुमच्या नावावर येतं. वीजजोडणी मात्र नाव बदलून देता येते, आणि अनामत रकमेचा हिशेब त्याच वेळी मिटवा.

चौथी पायरी : कर, आणि आखाजीचा मुहूर्त

धंदा दोन तऱ्हांनी विकता येतो. एक, नगानगाने : यंत्रांचे इतके, नावाचे इतके. दोन, चालता धंदा एका ठोक रकमेला, यादीत वेगवेगळे भाव न लावता.

नगानगाने विकलं तर यंत्रांवरचा नफा, २४ वजा ६ म्हणजे १८ लाख, हा यंत्रं कितीही जुनी असली तरी अल्पकालीन धरला जातो आणि तुमच्या त्या वर्षीच्या बाकी उत्पन्नात मिळवून टप्प्याटप्प्याने कर लागतो. त्यामुळे विक्री कोणत्या महिन्यात झाली याला महत्त्व येतं. आप्पांनी मार्चमध्ये विकलं तर वर्षभराचा १४ लाख नफा आधीच जमा झालेला असतो. त्यावर हे १८ लाख आणि नावाचे ३ लाख चढले की नव्या करप्रणालीत विक्रीमुळे वाढलेला कर पाच लाखांच्या घरात जातो. तीच विक्री एप्रिल-मेमध्ये केली तर त्या नव्या वर्षात मिलचा महिनाभराचा नफा, भाडं आणि व्याज मिळून पाचेक लाखच बाकी उत्पन्न असतं, आणि वाढीव कर सव्वातीन लाखांवर थांबतो. दीड महिना थांबल्याने पावणेदोन लाख वाचले.

खानदेशात सालदाराचा हिशेब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो, नवी बोली आखाजीला लागते. मिलची चावी द्यायलाही तोच मुहूर्त धरा. आखाजी नेहमी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात येते. हरभऱ्याची आवक तेव्हा अजून चालू असते, म्हणून खरेदीदारही नाही म्हणत नाही.

ठोक रकमेला चालता धंदा दिला तर हिशेब आणखी हलका होतो. धंदा तीन वर्षांहून जुना असेल तर सगळा नफा दीर्घकालीन, कर साडेबारा टक्के. नफा म्हणजे ठोक रक्कम वजा धंद्याचं वहीप्रमाणे निव्वळ मूल्य. त्याचा सीएचा दाखला लागतो. आप्पांचा नफा इथे यंत्रं-नावाचे २७ वजा वहीतले ६, म्हणजे २१ लाख, कर उपकरासह २ लाख ७३ हजार. दुसरा लाभ जीएसटीचा : चालता धंदा पूर्णपणे हस्तांतरित झाला तर त्यावर सूट आहे, तर सुटी यंत्रं विकताना जीएसटीचा प्रश्न उभा राहतो आणि तो बोजा खरेदीदार भावातून कापतो.

अडचण एवढीच की आप्पा जागा स्वतःकडे ठेवतायत आणि जुनी उधारीही. काही मालमत्ता बाजूला ठेवून दिलेला धंदा ‘संपूर्ण चालता धंदा’ ठरतो का, यावर आयकर अधिकारी हरकत घेऊ शकतो. म्हणून विक्रीआधी सीएचं लेखी मत घ्या. कामगार, माल, आडतदारांचं देणं आणि नाव हे सगळं करारात एकत्र द्या. आणि जागेचा भाडेकरार त्याच दिवशी करा, म्हणजे धंदा खंड न पडता चालू राहिला हे दिसतं. आणि ठोक विक्री केली तरी मुहूर्त आखाजीचाच ठेवा. उद्या हरकत टिकली आणि आयकरात नगानगाचा हिशेब झाला, तरी मूळ करातला फरक अर्ध्या लाखाचा राहील; मार्चमध्ये केलं असतं तर तो सव्वादोन लाखांचा झाला असता.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदललेत. जुने क्रमांक पाठ असलेल्या माणसाकडून सल्ला घेताना तो कोणत्या कायद्यातला आहे ते विचारून घ्या.

पाचवी पायरी : पैसे कसे घ्यायचे

‘चोवीसचे चौदा चेकने, दहा रोख’ असा प्रस्ताव येतोच. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि पकडलं गेलं तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड. दंड बाजूला ठेवला तरी आप्पांना या पैशावर महिन्याची आवक बसवायची आहे. कपाटातली रोकड पोस्टात भरता येत नाही, फंडात घालता येत नाही. ती शेवटी ओळखीच्या कुणाला तरी वापरायला जाते, आणि मग तिच्या मागे फिरावं लागतं.

हप्त्यांचा प्रश्न जास्त नाजूक असतो, कारण खरेदीदार कित्येकदा आपलाच जुना मुनीम किंवा नात्यातला असतो. असेच नात्यातले एखादे जिभाऊ म्हणतात, ‘आप्पा, पाच वर्षांत फेडतो.’ त्यांना बँकेचं कर्ज काढायला लावा, लागले तर कागद जुळवायला मदत करा. बँक कर्ज देत नसेल तर का देत नाही हे आप्पांनाही कळलेलं बरं. अगदीच द्यायचे तर ठोक रकमेच्या चौथाईपेक्षा जास्त उधार ठेवू नका, मुदत वर्षाच्या आत, आणि हप्त्याचे चेक पुढच्या तारखांचे. लक्षात घ्या, कर मात्र विक्रीच्या वर्षीच पूर्ण रकमेवर बसतो, हप्ते आले की नाही हे कुणी विचारत नाही.

खरेदीदार ‘आप्पांनी अमुक वर्षं, अमुक अंतरात दुसरी दालमिल काढू नये’ अशी अट मागेल. नाव विकलं असेल तर ती रास्त आहे. उलट आप्पांनी तीन महिने खरेदीला सोबत यावं अशी अपेक्षा असेल तर त्याचं मानधन लिहून घ्या.

जागेचा करार नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा, पाच वर्षांचा, दरवर्षी ५ टक्के वाढ, सहा महिन्यांचं डिपॉझिट. भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत आणि आप्पा नोंदणीबाहेर असतील तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी साधारणपणे भाडेकरूनेच परस्पर सरकारला भरायचा असतो. हे त्याला आधी सांगा, नाहीतर तो २५ हजारांतून कापायला बघेल. विजेचं बिल दर महिन्याला मागवून बघा. भाडं थकायच्या आधी लाइटबिल थकतं, आणि ती थकबाकी पुढे जागेच्या मागे लागते.

सहावी पायरी : हातात उरलेला आकडा

यंत्रं आणि नाव २७ लाख. माल २० लाख आणि वसूल झालेली उधारी २२ लाख. यातून बँक १८, आडतदार ६, ग्रॅच्युइटी ४, दलाली-वकील-सीए १, कर पावणेतीन. उरले ३७ लाखांच्या थोडे वर. आप्पांच्या आधीच्या ठेवी ९ लाख. एकूण ४६ लाख, आणि भाड्याची जागा.

कराची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या ठेवीत टाका आणि आगाऊ कराच्या तारखा सीएकडून लिहून घ्या. बाकीचे पैसे पहिले दोन-तीन महिने मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेत पडू द्या. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे, हे बँक निवडताना आठवा.

सातवी पायरी : तीन कप्पे

पहिल्या कप्प्यात ६ लाख, साध्या बँक ठेवीत. हे दवाखान्याचे आणि शेड रिकामा राहिला तर त्या महिन्यांचे. यावर जास्त व्याज शोधू नका.

दुसऱ्या कप्प्यात ३० लाख, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. एका व्यक्तीला मर्यादा ३० लाखच आहे. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला; तो दर तिमाहीला जाहीर होतो, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. ८.२ ने वर्षाला २ लाख ४६ हजार, दर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याचे साडेवीस हजार. मध्येच मोडलं तर वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापला जातो, म्हणून पहिला कप्पा आधी भरायचा.

भाड्याचे निव्वळ २१ हजार आणि हे साडेवीस. घरखर्चाचे ४० हजार भागले. कर? भाड्यातून ३० टक्के वजावट मिळते, त्यामुळे मोजलं जाणारं उत्पन्न साडेचार लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर येत नाही. व्याजातून कर कापला जाऊ नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीला घोषणापत्र द्या, जुन्या क्रमांकाने १५ एच. काही जण कर वाचवायला निम्मे पैसे बायकोच्या नावावर टाकतात. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. आईंच्या नावाने खातं उघडायला हरकत नाही, त्यांच्या हाती पैसा असणं केव्हाही चांगलं, पण कर वाचतो म्हणून नको.

तिसऱ्या कप्प्यात १० लाख, शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, एकदम न टाकता वर्ष-दीड वर्षात महिन्याच्या हप्त्यांनी. हे पैसे बारा वर्षं काढायचे नाहीत. का, ते बघा. महागाई ६ टक्क्यांनी गेली तर बारा वर्षांत ४० हजारांचा खर्च ८० हजार होतो. भाडं ५ टक्के वाढीने ४५ हजारांपर्यंत जातं, खर्च वजा जाता ३८ धरू. बचत योजनेचे साडेवीस तेवढेच, तेही त्या वेळचा दर आजच्यासारखा असेल तर. म्हणजे ५८ हजार; २२ हजारांची तूट. दहा लाख १० टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत ३१ लाख होतात, ७ टक्क्यांनी वाढले तर साडेबावीस. त्यावर ७ टक्क्यांनी महिन्याला १८ किंवा १३ हजार येतील. तूट पुरती भरत नाही. उरलेली चार ते नऊ हजार दर महिन्याला मुद्दलातून काढावी लागेल, आणि पंचाहत्तरीच्या माणसाने मुद्दल थोडं थोडं खायला हरकत नसावी. हा कप्पा नसता तर तूट भरायला जागाच विकावी लागली असती. बाजार मध्येच तीस-चाळीस टक्क्यांनी पडू शकतो. ज्याला ते बघवणार नाही त्याने हे १० लाख रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या व्याजाच्या रोख्यांत ठेवावेत आणि खर्च आजपासूनच बेतावा.

या तीन कप्प्यांबाहेर पैसे ओढणारे तिघे विक्रीच्या दुसऱ्याच दिवशी येतात. पहिला, पतसंस्थेतला ओळखीचा माणूस, राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा तीन-चार टक्के जास्त व्याज घेऊन. पतसंस्थांच्या ठेवींना बँकांसारखा ठेव विमा नाही, आणि जळगाव जिल्ह्यात ठेवी अडकलेल्या माणसांना शोधायला लांब जावं लागत नाही. दुसरा, प्लॉटवाला. बायपासलगतचा प्लॉट वाढेलही, पण तो महिन्याला एक रुपया देत नाही, आणि आप्पांकडे जागा आधीच एक आहे. तिसरा घरातला : मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटचं डाउन पेमेंट. द्यायचं असेल तर जागा आणि दुसरा कप्पा सोडून जे परवडतं तेवढंच, आणि परत येणार नाही असं धरून.

पाचव्या वर्षी बचत योजनेची मुदत आणि भाडेकरार दोन्ही एकाच सुमारास संपतील. योजना तीन वर्षांसाठी वाढवता येते, पण व्याज तेव्हाच्या दराने लागेल. भाडेकरार संपायच्या चार महिने आधी भाडेकरूशी बोला, शेजारच्या दोन शेडचं भाडं काढून ठेवा, आणि सगळ्या खात्यांवरचं वारसनामांकन व आईंचं संयुक्त नाव त्याच फेरीत तपासा. आप्पा तोवर ६८ वर्षांचे असतील. जागा पुढे ठेवायची की विकायची हा प्रश्न तेव्हा पुन्हा मांडायचा, त्या दिवशीची तब्येत आणि गावात जागेकडे बघणारा माणूस अजून आहे का, हे बघून.